जुन्या स्विफ्टच्या किमतीचं रिग्रेशन: अलॉयचे खरंच 38 हजार येतात का?

सायली_कोथरूड

नमस्कार मंडळी. बाबांची स्विफ्ट विकायची आहे. 2020 ची पेट्रोल व्हीएक्सआय, मॅन्युअल, पहिला मालक, 40 हजार किलोमीटर. किती सांगावेत यावर घरात रोज नवा आकडा निघतो. शेवटी तीन रविवार बसून पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या पेट्रोल स्विफ्टच्या 186 जाहिराती मी शीटमध्ये उतरवल्या. गाड्या 2015 ते 2022 च्या. मग R मध्ये हे चालवलं:

```
m1 <- lm(log(kimat) ~ vay + km10k + owner2 + auto + alloy,
         data = gadya)
```

वयाचा सहगुणक आला −0.085, दर 10 हजार किलोमीटरला −0.012, दुसरा मालक असेल तर −0.045, ऑटोमॅटिक +0.090 आणि अलॉय व्हील +0.074. बाबांच्या गाडीचे आकडे घातले की किंमत साधारण 5 लाख 2 हजार येते.

किंमत लॉगमध्ये असल्यामुळे अलॉयचा 0.074 म्हणजे सुमारे 7.7 टक्के, म्हणजे या गाडीवर 38 हजारांच्या आसपास. टायरवाल्याने चार अलॉयचे फिटिंगसकट 28 हजार सांगितले आहेत. म्हणजे विकण्याआधी अलॉय बसवले तर 10 हजार सुटतात, असा अर्थ घेऊ का? बाबा म्हणतात लगेच बसव. मला कुठेतरी खटकतंय, पण काय ते सांगता येत नाहीये.

मीटरगेज

आर-स्क्वेअर किती आला? 0.85 च्या वर असेल तर मॉडेल बरोबर आहे. बसवा अलॉय.

सायली_कोथरूड

0.88.

मीटरगेज

मग झालं तर! गणित सांगतंय ते ऐका.

बाबा_डोंबिवली

माझी 2013 ची डिझेल डिझायर आहे, 1 लाख 30 हजार झालेत, दुसरा मालक. तुमच्या सूत्रात घालून किती येतील ते सांगता का? एजंट फारच कमी बोलतोय.

सायली_कोथरूड

काका, माझ्या शीटमध्ये डिझेल एकही नाही, डिझायर नाही आणि 2015 च्या आधीचीही गाडी नाही. सूत्रात आकडे टाकले तर उत्तर येईल, पण त्याला काही आधार नसेल. डोंबिवली-कल्याणच्या वीसेक डिझेल डिझायरच्या जाहिराती उतरवून पाठवा, मी मांडून देते.

अनुराधा_वि

सायली, खटकलं ते योग्यच खटकलं. मी अर्थशास्त्र शिकवते, आणि हा प्रश्न दरवर्षी वर्गात येतो, फक्त तिथे गाडीऐवजी फ्लॅटची बाल्कनी असते.

मीटरगेज, आर-स्क्वेअर 0.88 म्हणजे किमतींमधला बराचसा फरक या पाच रकान्यांवरून ओळखता येतो. त्यातला कुठला फरक *कशामुळे* पडला, हे त्यावरून कळत नाही. छत्र्या मोजून पावसाचा अंदाज छान बांधता येतो, म्हणून छत्री उघडल्यावर पाऊस येत नाही.

अलॉयचा सहगुणक इतकंच सांगतो: या यादीत वय, किलोमीटर, मालक आणि गिअर सारखे असलेल्या दोन गाड्या घेतल्या, तर अलॉयवालीची किंमत सरासरी 7.7 टक्के जास्त आहे. याला अलॉयची गर्भित किंमत म्हणायचं असेल, तर त्या दोन गाड्या *बाकी सगळ्या बाबतीत* सारख्या असायला हव्यात, फक्त मॉडेलमध्ये लिहिलेल्या चार बाबतींत नव्हे. म्हणून एकच विचारते. अलॉय कुठल्या गाड्यांना आहेत? व्हेरियंटचा रकाना तुझ्या मॉडेलमध्ये दिसत नाही.

तळेगावकर

तेच लिहायला आलो होतो. झेडएक्सआयला अलॉय कंपनीतूनच येतात, व्हीएक्सआयला व्हील कॅप. तुम्ही अलॉय मोजले नाहीत ताई, झेडएक्सआय मोजली आहे.

सायली_कोथरूड

अरे देवा. व्हेरियंट शीटमध्ये आहे, मॉडेलमध्ये घातला नव्हता. आता घातला:

```
m2 <- lm(log(kimat) ~ vay + km10k + owner2 + auto + alloy
         + variant, data = gadya)
```

व्हीएक्सआय पाया धरून झेडएक्सआयला +0.081 मिळाले (झेडएक्सआय प्लस त्यातच धरली आहे). अलॉय 0.074 वरून थेट 0.009 वर, स्टँडर्ड एरर 0.021. म्हणजे 38 हजारांचे साडेचार हजार झाले.

मग उत्साहात पुश-स्टार्टचाही रकाना घातला, तर R ने त्याच्यापुढे आकडाच दिला नाही, नुसतं `NA`.

अनुराधा_वि

ते `NA` नीट बघ, त्यातच सगळी गोम आहे. तुझ्या यादीतल्या प्रत्येक झेडएक्सआयला पुश-स्टार्ट आहे आणि एकाही व्हीएक्सआयला नाही. दोन्ही रकाने हुबेहूब एकच. त्यातला कुठला किती पैसे आणतो, हे या आकड्यांतून कुणालाच काढता येणार नाही, तू जाहिराती 186 ऐवजी 18 हजार गोळा केल्यास तरीसुद्धा. 0.081 म्हणजे 8.4 टक्के, 5 लाखांवर 42 हजार. हे पुश-स्टार्ट, ऑटो एसी, अलॉय आणि मागच्या बाजूवर लिहिलेलं नाव, या सगळ्या गाठोड्याचे. कंपनीने गाठोडं बांधून विकलं, बाजारानेही गाठोड्याचीच किंमत केली.

अलॉयपुढे मात्र `NA` आलं नाही. म्हणजे काही गाड्यांमध्ये गाठ सुटलेली आहे. त्या कोणत्या?

सायली_कोथरूड

फोटो एकेक उघडून बघितले. अलॉयवाल्या एकूण 64. त्यातल्या 51 झेडएक्सआय, सगळ्यांना अलॉय. उरलेल्या 13 व्हीएक्सआय, बाहेरून बसवलेले. म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या गाड्या 186 नाहीत, फक्त 13 आहेत?

अनुराधा_वि

बरोब्बर. तो 0.009 त्या 13 गाड्या विरुद्ध कॅपवाल्या व्हीएक्सआय, यांच्यातून आलाय.

मीटरगेज

ठीक, माझं चुकलं. पण मग उत्तर मिळालंच की. 0.009 आणि एरर 0.021, म्हणजे सिग्निफिकंट नाही. अलॉयची किंमत शून्य.

अनुराधा_वि

अर्धं बरोबर. 0.009 च्या दोन्ही बाजूंना स्टँडर्ड एररची साधारण दुप्पट धर. −3 टक्क्यांपासून +5 टक्क्यांपर्यंत पट्टा मिळतो. सायलीच्या गाडीवर तो होतो 16 हजार तोट्यापासून 26 हजार फायद्यापर्यंत. शून्य त्या पट्ट्यात आहे, तसे 20 हजारही आहेत. 13 गाड्यांवरून "काहीच किंमत नाही" असं म्हणता येत नाही. पण एक गोष्ट दिसते: पट्ट्याचं वरचं टोकसुद्धा टायरवाल्याच्या 28 हजारांच्या खाली आहे.

जुना_व्यापारी

मी हडपसरला 19 वर्षं जुन्या गाड्यांचा धंदा करतो. तुमचं लॉग-बिग मला कळत नाही, पण 13 गाड्यांचं कळलं. सांगतो.

बाहेरून अलॉय बसवलेली व्हीएक्सआय दारात आली की मी आधी चाकं बघतच नाही. डिकीतली मॅट उचलतो, स्टेपनीचा खड्डा बघतो. मागून ठोकलेली असेल तर तिथला पत्रा लाटा मारतो, सीलंटची रेघ हाताने मारल्यासारखी जाडबारीक दिसते. मग दरवाज्याचं रबर ओढून पिलरवरचे स्पॉट वेल्ड बघतो. कंपनीचे गोल आणि सारख्या अंतरावर असतात, कामं झालेल्या गाडीत पुट्टीखाली बुजलेले. कारण काय, अलॉय हौशी पोरं बसवतात आणि हौशी पोरं गाडी पळवतात. सगळेच नाही, पण पुष्कळ. त्यामुळे मी चाकांचे दोन पैसे जास्त देत असलो तरी गाडीचे चार कमी धरतो.

अनुराधा_वि

दादा, एका वाक्यात तुम्ही पूर्ण तास घेतलात. सायली, बघ: व्हेरियंट घातल्यावरही 0.009 ही निव्वळ चाकांची किंमत नाही. "अशी चाकं बसवणाऱ्याची गाडी" ही गोष्ट त्यात मिसळली आहे, आणि पिलरवरचे वेल्ड शीटमध्ये नाहीत. बाबांनी जपून चालवलेल्या गाडीला अलॉय बसवले तर काय होईल, हा प्रश्न वेगळाच राहतो. कदाचित चांगलं होईल. कदाचित गिऱ्हाईक त्या गाडीलाही हौशी पोराची समजेल.

खडूस_पुणेकर

म्हणजे 28 हजार घालून बाबांची गाडी हौशी पोराची करायची. 😀

तळेगावकर

थोडं विषयांतर. वजनाचा किस्सा आठवला. 1939 मध्ये अमेरिकेत अँड्र्यू कोर्ट यांनी मोटारींवर हेच केलं: किंमत एका बाजूला, आणि वजन, व्हीलबेस, हॉर्सपॉवर दुसऱ्या बाजूला. "हेडॉनिक" हा शब्द त्यांच्यामुळेच या कामाला चिकटला. 1961 मध्ये झ्वी ग्रिलिकेस यांनी मोटारींवरच ते पुन्हा उभं केलं. आता वजनाला चांगला अधिक सहगुणक मिळतो, पण शोरूममध्ये जाऊन कोणी "जरा वजनदार दाखवा" म्हणतं का? पेट्रोल तर उलट जास्त लागतं. वजन हा मोठ्या, भक्कम, जास्त सामान असलेल्या गाडीचा नुसता खुणेचा दगड. डिकीत सिमेंटच्या गोण्या टाकून किंमत वाढणार नाही. सायलीताईंचे अलॉय म्हणजे कोर्ट साहेबांचं वजन.

सायली_कोथरूड

गोण्यांचं उदाहरण बाबांना वाचून दाखवलं, ते आता जरा गप्प आहेत.

पण मग ऑटोमॅटिकचा 0.09 पण असाच फसवा आहे का? त्याच्या गाड्या तर व्हीएक्सआय आणि झेडएक्सआय दोन्हींत आहेत.

तळेगावकर

त्या सगळ्या 2018 नंतरच्या असतील. स्विफ्टला एएमटी आली ती फेब्रुवारी 2018 च्या नव्या पिढीबरोबर. तुमच्या यादीत 2015-17 च्या जुन्या आकाराच्या गाड्याही आहेत, त्यात ऑटोमॅटिक असणारच नाही. नवा आकार वेगळा, आतलं डिझाइन वेगळं. नव्या पिढीचा एक रकाना घालून बघा.

सायली_कोथरूड

घातला. नवी पिढी +0.110. ऑटोमॅटिक 0.090 वरून 0.048. आणि वयाचा −0.085 चा −0.064 झाला! वयाला मी हातही लावला नव्हता.

अनुराधा_वि

लावलास. आधी वयाची रेष एकटीच 2017 आणि 2018 मधली पायरी चढत होती, म्हणून जास्त तिरकी झाली होती. आता पायरी वेगळी काढलीस, तर वर्षाला 8 टक्क्यांऐवजी साधारण 6 टक्के घसरण उरली. रकाना आत किंवा बाहेर केला की शेजारचे आकडे हलतात, त्यावरूनच कळतं कोण कोणाचे पैसे स्वतःच्या नावावर दाखवत होतं.

आता 0.048 म्हणजे 4.9 टक्के, या गाडीवर 24-25 हजार. तो मला बराच पटतो, कारण नव्या पिढीत एकाच व्हेरियंटमध्ये दोन्ही गिअर मिळतात. पण तोसुद्धा "लोक ऑटोमॅटिकला 25 हजार मोजायला तयार आहेत" असा वाचू नकोस. शेर्विन रोझेन यांनी 1974 मध्ये हे स्वच्छ मांडलं. बाजारात एक रांग असते: गुडघा दुखणाऱ्या काकूंना ऑटोमॅटिकसाठी 80 हजारही जड नाहीत, घाटात रोज जाणाऱ्याला ती फुकटही नको. जितक्या ऑटोमॅटिक गाड्या बाजारात आहेत तितक्या खपण्यासाठी रांगेतल्या ज्या माणसापर्यंत जावं लागतं, त्याच्याजवळ ही किंमत येऊन थांबते. काकूंचे 80 हजार त्यात दिसत नाहीत, कारण त्यांच्याकडून ते कोणी मागितलेच नाहीत.

नंदिनी_दिल्ली

वयाची सरळ रेष हे तरी सगळीकडे चालतं का? आमच्याकडे दिल्लीत 10 वर्षं झालेल्या डिझेल आणि 15 वर्षं झालेल्या पेट्रोल गाड्यांच्या बंदीचा 2015 चा हरित लवादाचा आदेश 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. तेव्हापासून 2025 मध्ये न्यायालयाने कारवाई थांबवेपर्यंत आठ वर्षांची डिझेल घेताना गिऱ्हाईक "वय किती" न विचारता "उरली किती" विचारायचं. आठव्या वर्षाची घसरण आणि तिसऱ्या वर्षाची घसरण यांना एकच सहगुणक देणं तेव्हा चूक ठरलं असतं.

अनुराधा_वि

दिल्लीच्या डिझेलला नक्कीच चूक. तिथे मी प्रत्येक वर्षाला स्वतंत्र रकाना दिला असता. सायलीच्या 3 ते 10 वर्षांच्या पुण्याच्या पेट्रोल गाड्यांना सरळ रेष चालून जाईल असं वाटतं, पण उरलेल्या चुका वयासमोर मांडून बघायला हव्यात. टोकांना त्या एकाच बाजूला गेल्या तर रेष वाकवावी लागेल.

जुना_व्यापारी

किलोमीटरचं काय आलं म्हणालात? 10 हजाराला सव्वा टक्का? म्हणजे 6 हजार रुपये? फार कमी आहे. मी स्वतः घेताना 30 आणि 70 हजारवाल्या गाडीत 24 हजारांपेक्षा खूप जास्त फरक करतो.

कारण सांगतो. मागच्या महिन्यात एक 2020 ची आली, मीटर 22 हजार. टायरच्या कडेला शेवटचे चार आकडे बघितले, 1424. म्हणजे 2024 सालच्या 14 व्या आठवड्यात बनलेले. चारही तसेच. 22 हजारात कोण चारही टायर बदलतं? क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत. मीटर मागे घेतलेलं. मी त्या गाडीला 22 हजारवालीचा भाव दिला नाही.

मीटरगेज

मग उलट व्हायला हवं ना? मीटर खोटं असेल तर किलोमीटरचा परिणाम फुगून दिसेल.

अनुराधा_वि

नाही, चपटा होईल. दादांच्या गाडीचा ठिपका मांड: शीटमध्ये किलोमीटर 22 हजार, भाव मात्र 80 हजारवालीचा. असे ठिपके डावीकडे खाली पडतात आणि रेषेचं डावं टोक खाली ओढतात. रेष सपाट होत जाते. म्हणून −0.012 ही "मीटरवरच्या आकड्याची" किंमत आहे. खऱ्या धावण्याची किंमत त्याहून जास्त असणार, दादांचा अनुभव हेच सांगतो.

खडूस_पुणेकर

हे सगळं जाहिरातीतल्या किमतींवर चाललंय. पुण्यात सांगितलेल्या भावात गाडी घेतलेला माणूस मला दाखवा. सगळं मॉडेल पाण्यात.

सायली_कोथरूड

ही भीती मलाही होती. पण सगळेच समजा 6 टक्के उतरत असतील तर? लॉगमध्ये ते फक्त सुरुवातीच्या आकड्यातून वजा होईल, बाकीचे सहगुणक तसेच राहतील. बरोबर ना?

अनुराधा_वि

सगळे सारखेच उतरत असतील तरच.

जुना_व्यापारी

सारखे उतरत नाहीत. पहिल्या मालकाची, कंपनीत सर्व्हिस केलेली गाडी असेल तर मालक 10 हजारांच्या वर हलत नाही, त्याला घाई नसते. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाची गाडी 30-40 सहज सोडते.

सायली_कोथरूड

म्हणजे दुसऱ्या मालकाचा −0.045, माझ्या हिशोबाने 22 हजार, तो खऱ्या सौद्यात आणखी मोठा असणार. जाहिरातीत तो फरक झाकला जातो. आणि बाहेरच्या अलॉयवाले किती उतरतात?

जुना_व्यापारी

ते नाही सांगता येणार छातीठोक. घेताना मी अशा गाडीचे पैसे कमी धरतो, पण विकताना माझा अनुभव आहे की अलॉयवाली गाडी लवकर जाते. त्याच भावात, पण 40 दिवसांऐवजी 25 दिवसांत. माझ्यासाठी तोही पैसाच.

तळेगावकर

हे कुठल्याच मॉडेलमध्ये नाही! किमतीच्या रिग्रेशनमध्ये दिवस येतच नाहीत. घासाघीस होऊन भाव तेवढाच राहिला आणि फायदा वेळेत मिळाला, तर सहगुणक शून्य येईल आणि तरीही चाकं कामाची असतील.

मीटरगेज

पण घरगुती विकणाऱ्याला 15 दिवसांचे 28 हजार कोण देतंय?

जुना_व्यापारी

तेही खरं. माझ्याकडे जागेचं भाडं आणि अडकलेलं भांडवल असतं. ताईंची गाडी सोसायटीत उभी आहे.

सायली_कोथरूड

दहा दिवसांनी परत आले. अलॉय बसवले नाहीत. व्हील कॅप घासून धुतल्या, एक तुटकी होती ती बदलली, सर्व्हिसची सगळी बिलं तारखेनुसार लावून त्यांचे फोटो जाहिरातीत टाकले, आणि 5 लाख 15 हजार लिहिले. चार फोन आले. तिघांनी आधी मालक कितवा ते विचारलं, दोघांनी बिलं पाहूनच फोन केला असं सांगितलं. एका मुलाने विचारलं, "अलॉय नाहीत का?" आणि फोन ठेवला. बाबा त्या एका फोनवर अडून बसलेत.

दादांच्या दिवसांच्या मुद्द्यावरून मी त्याच 186 जाहिराती रोज रात्री तपासायला लागले आहे. आतापर्यंत 37 उतरल्या. बाहेरच्या अलॉयवाल्या 13 पैकी 4 गेल्या. यावरून काही म्हणता येईल का?

अनुराधा_वि

13 पैकी 4 म्हणजे 31 टक्के, एकूण 186 पैकी 37 म्हणजे 20. दोन गाड्या इकडच्या तिकडे झाल्या असत्या तर फरक पुसला गेला असता. अजून महिनाभर मोजत राहा, आणि उतरण्याआधीची शेवटची किंमतही लिहून ठेव.

जुना_व्यापारी

आणि जाहिरात उतरली म्हणजे गाडी विकली असं धरू नका. त्या 4 पैकी एक मी ओळखतो, फोटोत मागे आमच्याच गल्लीतलं गॅरेज आहे. मालकाने विकायचा विचार सोडला, मुलाला कॉलेजला दिली.